ओव्हरटाइमचा बोजा जॉबवर टाकायचा का?

भोसरीकर: ट्रान्सफॉर्मर जळाला. तीन दिवस २० कामगार बसून होते. पाळी ८ तासांची, पगार तासाला १०० रुपये. मग पंप हाउसिंगची ऑर्डर वेळेत द्यायला २०० तास ओव्हरटाइम झाला, तोही दुप्पट दराने. मालक म्हणतात, सगळं त्याच जॉबवर टाका. टाकू?

लघुउद्योजक: टाका की! पैसे खिशातून गेलेत. जॉबवर नाही दाखवले तर भरून कुठून काढणार?

खर्चलेखक: मग पुढचं कोटेशन त्याच फुगलेल्या आकड्यावरून कराल आणि ऑर्डर शेजारचा घेऊन जाईल. बसून गेलेल्या ४८० तासांचे ४८,००० सरळ कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्यात न्या.

आकडेमोड: ओव्हरटाइमचे ४०,००० पण तिकडेच. बिघाडामुळेच झाला ना तो.

खर्चलेखक: अर्धं बरोबर. त्या २०० तासांत हाउसिंग खरोखर घडले, म्हणून साध्या दराचे २०,००० जॉबवरच राहतील. वरचे २०,००० तेवढे बाहेर काढा. गिऱ्हाइकाने स्वतः घाई केली असती, तर हेच वरचे पैसे त्याच्या जॉबवर टाकून वसूल केले असते. आणि कामाचा रेटाच कायम असेल, तर ते ओव्हरहेडमध्ये जाऊन सगळ्याच जॉबवर पसरतात. रात्रपाळीत योगायोगाने कोणता जॉब मशीनवर होता, यावरून ठरवू नका.

लघुउद्योजक: आणि चहा, टूल बदलणं, गेटपासून मशीनपर्यंत चालणं? तेही तोट्यात टाकायचं का, साहेब?

खर्चलेखक: नाही, ते रोजचंच. ८ तासांत अर्धा तास त्यात जात असेल, तर ८०० ला साडेसातने भागा. दर १०६.६७ येतो, तोच जॉबला लावा. तो अर्धा तास खरंच अर्धाच आहे का, हे पंचिंगचे तास आणि जॉब कार्डवरचे तास शेजारी ठेवून बघा. फोरमन मोकळा वेळ कुठल्या तरी कार्डावर चढवून टाकतात, म्हणून एखाद्या जॉबचे तास उगाच वाढलेले दिसले तर तिथे विचारा.

चाकणची ताई: आमच्याकडे वीज ठीक, माणसं टिकत नाहीत. दिवाळीला गावी गेलेले काही परत येत नाहीत, हे दरवर्षीचं. पण यंदा पगाराच्या वादात एकदम १२ वेल्डर गेले. नव्यांना शिकवण्यात पत्रा, वायर वाया गेली. हे कुठे?

खर्चलेखक: दिवाळीनंतरची नेहमीची भरती आणि प्रशिक्षण ओव्हरहेडमध्ये. १२ जणांमुळे त्यावर जो जादा खर्च झाला, तो नफा-तोटा खात्यात. नेहमीची गळती किती, ते आधीच्या दोन-तीन वर्षांच्या मस्टरवरून काढा.

आकडेमोड: पगारच बाजारापेक्षा कमी ठेवला असेल, तर बारा जाणं अनपेक्षित कसं? तो धंद्याचा खर्चच.

भोसरीकर: तोच प्रश्न माझाही. हा ट्रान्सफॉर्मर गेल्या पावसाळ्यातही जळाला होता.

खर्चलेखक: दोनदा झालं म्हणून मी तरी त्याला नेहमीचं म्हणणार नाही. ऑडिटर कदाचित म्हणेल.