मदत हवी आहे: माझा रिप्लाय उशिरा जातो, हे डेटिंग अ‍ॅपवरच्या मॅचला किती सांगावं?

एडीएचडीत मेसेज वाचून ‘नंतर नीट लिहू’ म्हणून ठेवला की डोक्यातून जातो. अँग्झायटीत उलट: तो लक्षात असतो, पण जितका उशीर तितकं उत्तर देणं अवघड होत जातं. समोरच्याला दोन्हींत एकच दिसतं, इंटरेस्ट नाही.

म्हणून हा मसुदा केलाय:

“मला रिप्लायला कधीकधी अख्खा दिवस लागतो, लक्ष पटकन उडतं म्हणून. तुझ्याशी बोलायला आवडतंय. रात्री नऊनंतर मी निवांत मेसेज बघते. भेटायची वेळ वगैरे ठरवायची असेल तर सरळ कॉल कर.”

निदान, गोळ्या यातलं काही मुद्दाम घातलेलं नाही. ‘सॉरी’सुद्धा नाही, कारण मग समोरचा समजूत काढत बसतो आणि गप्पा राहतात बाजूला.

अडलंय ते इथे. पहिल्याच दिवशी पाठवलं तर जड वाटतं, दोन दिवस गायब राहून पाठवलं तर सबब वाटते. मग गप्पा छान चालू असताना, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्येच टाकावं का? आणि ‘नऊनंतर’ ठेवावं की काढावं? ती वेळ एकदा चुकली तर उशिरापेक्षा जास्त खटकेल असं वाटतं. ‘लक्ष उडतं’ हे कारण कोणी ठेवलंय का? पुढे प्रश्न आले तर किती उत्तर दिलंत?