शेजाऱ्यांची काच फुटली: पैसे एका काचेचे की अख्ख्या खिडकीचे?

प्रश्न (जुळे सोलापूर)
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने बोळात खेळताना शेजारच्या काकांच्या स्लायडिंग खिडकीची एक काच फोडली. चेंडू सीझनचा होता. काका म्हणतात, अख्खी खिडकी बदलून द्या, साडेसहा हजार होतील, नाहीतर पोलिसात जातो. मी एका काचेचे द्यायला तयार आहे. बायको म्हणते, पोरांचा खेळ आहे, पैसे कशाला? आमची जबाबदारी नक्की किती?

होटगी रोडवाला
यात विचारायचं काय? पोरगं तुमचं, नुकसान तुमचं. मुलाने काहीही केलं तरी बाप भरून देणार, कायदाच तसा आहे. मागतील तेवढे द्या.

निवृत्त वकील
द्यावेत हे बरोबर, पण कायदा तसा नाही. केवळ बाप आहात म्हणून मुलाच्या प्रत्येक चुकीची भरपाई तुमच्या अंगावर येत नाही. तुमचा स्वतःचा हलगर्जीपणा असेल तर येते. पोलिसांचं म्हणाल, तर नुकसान करायचा हेतू नव्हता आणि होईल याची जाणीवही नव्हती, मग गुन्हा होत नाही. शिवाय सात ते बारा वयाच्या मुलाला आपल्या कृतीचे परिणाम कळत होते का, हे भारतीय न्याय संहितेनुसार आधी बघावं लागतं. म्हणजे काकांनी पैसे मागायचे ते दिवाणी वाटेने. तिथे दोनच गोष्टी विचारल्या जातील. सीझन बॉल कोणी घेऊन दिला? आणि काकांनी आधी कधी बजावलं होतं का?

प्रश्नकर्ता
बॉल मीच आणला. दिवाळीच्या सुट्टीत काका एकदा बोलले होते. आम्ही स्टंप दहा पावलं पलीकडे नेले, एवढंच.

निवृत्त वकील
मग चूक मुलाची कमी आणि तुमची जास्त. बोळात टेनिस बॉल असता, कोणी बजावलं नसतं, तर मी वेगळं बोललो असतो.

अक्कलकोट रोडची ताई
घरमालक असाल तर खिडकीला बाहेरून जाळी मारून घ्या. आमचीही काच दोनदा फुटली. पोरांच्या आई-बापांच्या नादी लागू नका, कोणी देत नाही.

प्रश्नकर्ता
ताई, काच आमची नाही, आमच्या पोराने फोडली आहे.

काच-अॅल्युमिनियम काम
साडेसहा हजार हा नव्या खिडकीचा भाव आहे. चेंडूने काच जाते, फ्रेम सहसा जात नाही. बघायचं असेल तर शटर काढून आडवं ठेवा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे भरले तर चौकट सरळ आहे. शटर अडकत असेल तर आधी ट्रॅकमधला चुरा ब्रशने काढा. खडे चाकाखाली जातात आणि माणसाला वाटतं फ्रेमच वाकली.

आता हिशेब. काच समजा २२ बाय ४४ इंच आहे. दुकानदार मोजताना तीनाच्या पटीत वर धरतो, म्हणजे २४ बाय ४५, साडेसात चौरस फूट. रंगीत ५ एमएम काच माझ्याकडे ७० रुपये फूट, म्हणजे ५२५. फिटिंगचे ३००. एकूण ८२५. रबर जुनं कडक झालं असेल तर तेही बदलावं, नाहीतर काच खडखडते.

सात रस्ता
८२५ वर विषय संपत नाही. ब्राऊन काचेची नवी छटा जुनीशी जुळत नाही. शेजारीशेजारी दोन शटर, एक गडद, एक फिकट. काकांनी ते रोज का बघायचं? खिडकी होती तशी झाली पाहिजे, म्हणजे दोन्ही काचा तुमच्या. आणि एप्रिलच्या सोलापुरात फुटक्या खिडकीतून घरात झळा येत असतील, त्याचा विचार केलाय का?

निवृत्त वकील
दुसरी काच फुटलेली नाही. जुनी वापरलेली काच घालवून दोन कोऱ्या काचा मिळाल्या तर काकांचा फायदाच होतो. मी अर्धे-अर्धे सुचवीन.

सात रस्ता
फायदा त्यांनी मागितला नव्हता.

मंगळवार पेठ
मी दहा वर्षांचा असताना चाळीत काच फोडली होती. वडिलांनी मला बरोबर नेलं. लाकडी खिडकीतली वाळलेली पुटीन मिस्त्री खरवडत होता आणि मी कागदावर तुकडे गोळा करत होतो. पैसे वडिलांनी दिले. आजही खिडकीखाली बॅट हातात घेत नाही. वहिनींना सांगा, पैसे न दिल्याने पोराला खेळायला मोकळीक मिळत नाही, बोळ मिळेनासा होतो.

प्रश्नकर्ता
काल शटर काढलं. दोन्ही कर्ण पन्नास इंच भरले. चाकाखालून मूठभर चुरा निघाला आणि शटर सरकायला लागलं. काका बघत होते, खिडकीचं पुन्हा बोलले नाहीत. उद्या काच बसेल, पोरगं बरोबर येणार आहे. बिछान्यावरचे तुकडे काकूंनी एकटीने वेचले हे काल कळलं. ते ऐकल्यावर बायकोच माफी मागायला गेली. दुसऱ्या काचेचं नवी बसल्यावर उन्हात बघून ठरवू असं काका म्हणाले. छटा फार वेगळी दिसली तर मी तीही देईन. सीझन बॉल कपाटात गेला.