मदत हवी आहे: वारसाने आलेल्या शेताला रस्ता नाही, शेजाऱ्याने वाट अडवली

वडिलांच्या पश्चात मागच्या गटाचा सातबारा माझ्या नावावर झाला. पुढचा गट वाटणीत काकांकडे गेला होता, तो त्यांनी विकला. आमची बैलगाडी वर्षानुवर्षे त्याच्याच बांधाने जायची, पण वाटणीपत्रात वाटेचा उल्लेख नाही (भावाभावांत कोण लिहितो!). नव्या मालकाने चार महिन्यांपूर्वी तारेचं कुंपण घातलं.

मला कळलेलं असं: वापरातली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. म्हणजे माझ्याकडे दोनच महिने आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चा अर्ज मात्र बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी.

प्रश्न असा, की १४३ चा अर्ज केला तर ‘वाट आधी नव्हतीच’ हे मीच कबूल केल्यासारखं होईल का? आधी कलम ५ लावावं असं मला वाटतं. स्थळपाहणी आणि पंचनाम्यात जुनी चाकोरी कशी दाखवलीत? वाटणीमुळेच जमीन कोंडली गेली, हा सुविधाधिकार कायद्याच्या कलम १३ चा मुद्दा दिवाणी कोर्टासाठी राखून ठेवावा का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावं.