एक्सेलची प्रात्यक्षिक परीक्षा: नुसतं उत्तर तपासायचं की फॉर्म्युलाही?

क्लासवाले सर, नाशिक रोड
ऑफिस कॉम्प्युटिंगच्या कोर्सची एक्सेलची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची आहे. दोन बॅच मिळून ४८ मुलं, तपासणारा मी एकटा, निकाल दुसऱ्या दिवशी. पेपर एका तासाचा. कांदा खरेदीच्या ४० पावत्यांची फाईल देणार: वजन, भाव, रक्कम, हमाली, गावनिहाय बेरीज. माझं मत असं की सगळ्यांना तीच फाईल द्यावी, सहा उत्तरं ठरलेल्या सेलमध्ये मागावीत, बरोबर तर पूर्ण गुण, चूक तर शून्य. फॉर्म्युले उघडून बघत बसलो तर रात्र जाईल. कोणाचा विरोध आहे का?

हिशेबनीस
सहा ठरलेले सेल, इथवर सहमत. पुढे नाही.

सगळ्यांना तीच फाईल दिलीत तर पहिल्या बॅचने टपरीवर सांगितलेला आकडा दुसरी बॅच नुसता टाइप करेल. पावत्या त्याच ठेवा, पण हमालीचा दर प्रत्येकाचा वेगळा करा. हा दर वेगळ्या शीटवर B2 मध्ये ठेवा आणि रोल नंबरवरून काढा: ६ रुपये अधिक रोल नंबर असेल तितके पैसे. १७ नंबरला ६.१७, १८ ला ६.१८. चाळीस पावत्यांचं वजन ६४२.८० क्विंटल असेल तर १७ ची एकूण हमाली ३९६६.०८ येते आणि १८ ची ३९७२.५०. तुमच्या तपासणीच्या शीटवर एक गुणाकार खाली ओढला की ४८ जणांची उत्तरं तयार. शेजाऱ्याचं उत्तर उतरवलेलं बघताक्षणी कळतं.

आता 'चूक तर शून्य' बद्दल. पेपर असा काढावा की प्रत्येक चुकीचा स्वतःचा एक आकडा यावा. एका पावतीचं वजन, समजा १४.२०, आधी अपॉस्ट्रॉफी देऊन टेक्स्ट करून ठेवा. `SUM` ते सोडून देतो आणि कुरकुरही करत नाही. ज्याच्या हे लक्षात येत नाही त्याचं वजन ६२८.६० येतं आणि त्यावर दर लावून हमाली ३८७८.४६. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दराच्या सेलला डॉलर न लावता फॉर्म्युला खाली ओढणं. B2 च्या खाली सगळं रिकामं असेल तर दुसऱ्या पावतीपासून हमाली शून्य होते आणि एकूण हमाली फक्त पहिल्या पावतीची उरते. पहिली पावती १२.३५ क्विंटलची असेल तर १७ नंबरचं उत्तर ७६.२०. हे दोन चुकीचे आकडेही बरोबर उत्तराशेजारी आधीच काढून ठेवा. मग मुलाला शून्य द्या नाहीतर निम्मे द्या, पण तो कुठे घसरला हे फाईल न उघडता समजतं.

कोडवाला पोरगा
सर, एवढं कशाला? मुलांना फाईल CSV मध्ये सेव्ह करायला सांगा. साधी टेक्स्ट फाईल असते, दोन फाईली शेजारी ठेवून तुलना करणारा प्रोग्रॅम सेकंदात फरक दाखवतो. ४८ फाईली म्हणजे पाच मिनिटं.

आणि हिशेबनीस काका, तुमच्या सापळ्यात एक भोक आहे. टेक्स्ट असलेल्या १४.२० ला कोणी दराने गुणलं तर एक्सेल त्याला आकडाच धरतो. प्रत्येक ओळीत `=D5*दर!$B$2` करून शेवटी बेरीज घेणाऱ्याची हमाली ३९६६.०८ च येणार. त्याला टेक्स्टचा पत्ताही लागला नाही, तरी पूर्ण गुण.

हिशेबनीस
भोक खरं आहे. म्हणून सहापैकी एक उत्तर 'एकूण वजन' हेच मागायचं. तिथे गुणाकार नाही, नुसती बेरीज आहे, तिथे तो सापडतोच. ज्याची हमाली बरोबर आणि वजन ६२८.६०, त्याने डॉलर नीट लावला पण डेटा तपासला नाही. दोन वेगळी कौशल्यं, दोन वेगळे गुण.

CSV चं मात्र निम्मंच खरं. CSV मध्ये एकच शीट जाते, जी समोर उघडी असेल ती. फॉर्म्युले जात नाहीत, नुसता आकडा जातो, तोही जसा सेलमध्ये दिसतो तसाच. एकाने दशांश लपवून ३९६६ दाखवलं आणि दुसऱ्याने ३९६६.०८, तर तुझा प्रोग्रॅम दोघांत फरक दाखवणार, खरं तर दोघांनी हिशेब एकच केलाय. शिवाय इथे प्रत्येकाचं उत्तर वेगळं, तुलना कोणत्या फाईलशी करणार?

निफाडकर
६ रुपये हमाली कुठल्या मार्केटला लागते हो? आणि तोलाई कुठे गेली? उन्हाळ कांद्याला भाव काय धरलाय ते पण लिहा.

क्लासवाले सर, नाशिक रोड
दादा, भाव काल्पनिक आहे, परीक्षा एक्सेलची आहे.

निफाडकर
मग काल्पनिक शेतकऱ्याला तरी जरा बरा भाव द्या.

अंबडची अकाउंट्सवाली
मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बिलं बघते, नवीन पोरं-पोरी माझ्याच हाताखाली येतात. मला तुमच्या सगळ्यांचंच पटत नाही. सहा सेल बरोबर येणारी मुलगी कामाची असतेच असं नाही.

उदाहरण देते. तीन पावत्यांची कपात २३१.५६, १६८.७८ आणि ३७८.५८. साहेब म्हणाले पैसे नकोत, पूर्ण रुपये दाखव. मुलीने दशांश कमी करायचं बटण दाबलं. कागदावर २३२, १६९, ३७९ आणि खाली बेरीज ७७९. पार्टी कॅल्क्युलेटर घेऊन बसते, तिची बेरीज ७८०. फोन मला येतो. तिथे प्रत्येक ओळीला `ROUND` हवा होता. आता सांगा, तुमच्या उत्तराच्या सेलमध्ये ७७९ बरोबर की ७८०? प्रश्नात लिहिलंच नसेल तर दोन्ही बरोबर, आणि तुम्ही एकाला शून्य देणार.

दुसरं, प्रिंट. शेवटचा एकच कॉलम दुसऱ्या पानावर जातो आणि ते पान तसंच साहेबांच्या टेबलावर जातं. हे कोण तपासणार? ऑफिसात फाईल कमी बघतात, कागद जास्त.

हिशेबनीस
ताईंचा पहिला मुद्दा मान्य. प्रश्नातच लिहायचं: 'प्रत्येक पावतीची कपात पूर्ण रुपयात करून मग बेरीज घ्या.' मग ७७९ हा सुद्धा ओळखीचा चुकीचा आकडा झाला. दशांश लपवणारा तिथेच उघडा पडतो, कारण सेलमध्ये खरं ७७८.९२ असतं.

ऋतुजा, सिडको
एमएस-सीआयटीची परीक्षा आता अशी होणार का? माझी पुढच्या महिन्यात आहे. ती तर ऑनलाइन असते ना?

क्लासवाले सर, नाशिक रोड
नाही गं, ही आमच्या क्लासच्या स्वतःच्या कोर्सची परीक्षा. तुझी जशी आहे तशीच.

सातपूरचा विद्यार्थी
माझी तक्रार ऐका मग. मी जिथे शिकलो तिथे डेटा CSV मध्येच दिला होता. माझ्या मशीनला तारखेची अमेरिकन सेटिंग होती. ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल, ते ४ मे झालं. १३/०४/२०२४ ला तेरावा महिनाच नाही म्हणून ते टेक्स्ट राहिलं. एप्रिलची बेरीज मागितली होती, निम्म्या पावत्या गायब. शेजारच्या मशीनवर बरोबर आली. शून्य गुण मला मिळाले, मशीनला नाही. नुसतं उत्तर बघणाऱ्या सरांना हे कधीच कळलं नाही.

हिशेबनीस
हे बऱ्याच लॅबमध्ये होतं. तारखा असलेला डेटा CSV मध्ये देऊ नये, xlsx मध्ये द्यावा. तिथे ५ एप्रिल २०२४ ही तारीख ४५३८७ या आकड्याच्या रूपात साठवलेली असते, मशीनची सेटिंग काहीही असली तरी आकडा तोच. फक्त दिसण्यात फरक पडतो. तारीख डावीकडे चिकटलेली दिसली तर आधी शंका घ्यायची की ती टेक्स्ट झालीय.

कोडवाला पोरगा
बरं, CSV सोडलं. xlsx मधून उत्तर आणि फॉर्म्युला दोन्ही एकदम बाहेर काढता येतात, फाईल न उघडता. B3 मध्ये हमाली आहे असं धरून:

```python
from pathlib import Path
from openpyxl import load_workbook

for p in sorted(Path("uttar").glob("[0-9]*.xlsx")):
    v = load_workbook(p, data_only=True)["Ans"]
    f = load_workbook(p)["Ans"]
    print(p.stem, v["B3"].value, f["B3"].value)
```

फाईलींची नावं 01, 02 अशी ठेवा, नाहीतर 2 च्या आधी 17 येतो. `[0-9]` अशासाठी की एखादी फाईल एक्सेलमध्ये उघडी असली तर `~$17.xlsx` नावाची एक लपलेली फाईल तयार होते, तिच्यावर प्रोग्रॅम अडकतो. उत्तराच्या जागी `None` आलं तर एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करा. तिसऱ्या रकान्यात `=SUM(...)` दिसलं तर फॉर्म्युला, नुसता आकडा दिसला तर टाइप केलेलं.

क्लासवाले सर, नाशिक रोड
हे चालेल. पण एखादा शहाणा `=3966.08` लिहील. तिसऱ्या रकान्यात बरोबरचं चिन्ह आहे म्हणून मी गुण देऊन मोकळा.

हिशेबनीस
लिहितातच. संशय आलेली फाईल उघडा आणि B2 मध्ये दर १० टाका. हमाली ६४२८ व्हायलाच हवी, वजनाचा दशांश एक घर सरकला की झालं, कॅल्क्युलेटर लागत नाही. आकडा हलला नाही तर टाइप केलेला आहे. ही चाचणी ४८ फाईलींवर करायची गरज नाही. प्रोग्रॅमच्या यादीत ज्याच्या फॉर्म्युल्यात एकही सेलचं नाव नाही, त्याच फाईली उघडायच्या. एक सांभाळा, तपासून झाल्यावर 'सेव्ह करायचं का' विचारेल तेव्हा नाही म्हणा.

अंबडची अकाउंट्सवाली
आणि निम्मे गुण देणार म्हणता ते? ३८७८.४६ म्हणजे हमालाचे ८७ रुपये बुडाले. आमच्याकडे निम्मं बरोबर बिल नसतं. एक तर जातं, नाहीतर परत येतं.

हिशेबनीस
कामावर शून्यच. पण वजन चुकल्यामुळे हमाली चुकली, हमालीमुळे निव्वळ रक्कम चुकली, म्हणजे एकाच चुकीला तीन शिक्षा. शिकणाऱ्याला ती लावू नये. पहिल्या चुकीला गुण कापा, पुढे त्याच्याच आकड्यावरून हिशेब बरोबर असेल तर द्या.

अंबडची अकाउंट्सवाली
मला नाही पटलं. त्याच्या आकड्यावरून पगार निघाला तर तीनच काय, तीस शिक्षा होतात.

क्लासवाले सर, नाशिक रोड
रोल नंबरवरून दर, सहा सेल, चुकीच्या आकड्यांचा तक्ता आणि तो प्रोग्रॅम, एवढं घेतो. `ROUND` चं वाक्य प्रश्नात टाकतो. निम्म्या गुणांचं पहिल्या बॅचचे निकाल बघून ठरवेन. तपासणीत वेळ खाणारी गोष्ट मात्र घेणार नाही, म्हणून प्रिंट नको.

अंबडची अकाउंट्सवाली
प्रिंट नको तर पीडीएफ घ्या. ४० पावत्या सगळे कॉलम एका पानाच्या रुंदीत बसवून द्यायच्या, एवढंच सांगा. पीडीएफ उघडली की शेवटचा कॉलम पानावर आहे की नाही ते लगेच दिसतं. दुसरं पान लागलं तर त्यावर मथळ्याची ओळ आहे का, तेवढं बघा. एका मुलामागे पाच सेकंद. दहा गुण ठेवा.

क्लासवाले सर, नाशिक रोड
पाच देतो.

अंबडची अकाउंट्सवाली
आठ.