मदत हवी आहे: केरळ हनिमून पॅकेजचे कोटेशन आले आहे, पैसे भरण्याआधी काय विचारावे?

नमस्कार. धाकट्या भावाचे लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि ११ फेब्रुवारीपासून ५ रात्री ६ दिवसांची केरळ सहल मी त्या दोघांना भेट देणार आहे. मुन्नारला २ रात्री, ठेकडी १, अलेप्पीच्या हाउसबोटीवर १ आणि कोचीला १, असा बेत आहे. एजन्सीच्या ईमेलमध्ये दोघांचे मिळून ५२,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५४,६०० रुपये लिहिले आहेत. विमानभाडे त्यात नाही. न्याहारी, रात्रीचे जेवण, गाडी, केक आणि मुन्नारला एक रात्र फुलांची सजावट त्यात धरली आहे. कँडललाइट डिनरचे २,२०० आणि हाउसबोटीवर पूर्णवेळ एसीचे ३,००० रुपये ऐच्छिक म्हणून वेगळे दाखवले आहेत.

निम्मी रक्कम, म्हणजे २७,३०० रुपये, आत्ता भरायची आहे आणि उरलेली निघण्याच्या २० दिवस आधी. कोटेशन तीनच दिवस वैध आहे. मी काही गृहीत तर धरत नाही ना, हे जाणकारांनी पाहावे, ही विनंती.

पायवाट: ताई, टीसीएस हा कर लागतो का, ते विचारून घ्या. आमच्या बिलात तो शेवटी वाढवला होता.

केतकी: तो परदेशी पॅकेजवर लागतो, केरळला नाही. जीएसटीचे मात्र विचारा, कारण ऐच्छिक गोष्टींच्या ५,२०० रुपयांवर तो पुन्हा लावला, तर आणखी २६० रुपये होतात.

जुना_प्रवासी: बारा वर्षे सहलींचे बुकिंग करत होतो, म्हणून सविस्तर लिहितो. रद्द करण्याच्या अटी ईमेलच्या शेवटी असतात. त्या इथे लिहाल का?

धागाकर्ती: लिहिते. ३० दिवसांहून आधी रद्द केल्यास पॅकेजच्या २५ टक्के कपात, ३० ते १६ दिवसांत ५० टक्के, आणि १५ दिवसांच्या आत काहीही परत नाही. हप्त्यांच्या रकान्याखाली मात्र 'बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही' असे वाक्य आहे.

जुना_प्रवासी: अडचण नेमकी इथेच आहे. समजा, ३० दिवसांहून आधी बेत मोडला, तर तक्त्याप्रमाणे १३,६५० रुपये कापून तितकेच परत यायला हवेत; पण हप्त्याखालच्या वाक्याप्रमाणे पूर्ण २७,३०० रुपये जातात. दोन्ही वाक्ये एकाच ईमेलमध्ये असली, की वाद झाल्यावर एजन्सी आपल्या सोयीचे वाक्य पुढे करते. यांतले कोणते लागू, हे उत्तरी ईमेलमध्येच लिहून घ्या, फोनवरच्या शब्दावर राहू नका. पहिला हप्ता २५ टक्के करायला सांगून पाहा. मग ३० दिवसांहून आधी रद्द केले, तर दोन्ही अटींत फरकच उरणार नाही.

हॉटेलांच्या नावांपुढे 'किंवा तत्सम' आहे का? असेल, तर मुन्नारमध्ये ते फार महागात पडते, कारण गावापासून पंधरा-वीस किलोमीटर दूरचे रिसॉर्टही 'तत्सम'च ठरते. खोलीचा प्रकार आणि बुकिंग झाल्याचा हॉटेलचा क्रमांक दुसऱ्या हप्त्याआधी मागा.

घाटवाट: आम्ही अंदमानला गेलो होतो, तिथे सगळे जहाजाच्या वेळांवर अवलंबून होते. केरळात तसे नाही. निश्चिंत राहा.

केतकी: हाउसबोटीचे बघा. माझ्या ईमेलमध्ये बारीक अक्षरांत 'एसी रात्री ९ ते सकाळी ६' होते आणि आम्ही दुपारी बारापासून खोलीत घामाने भिजत होतो. साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, मग सकाळपर्यंत ती हलत नाही. त्यामुळे ३,००० रुपये एसीला द्यावेत. जेवणे बोटीवर मिळतातच.

जुना_प्रवासी: सहमत, तरी फेब्रुवारीत संध्याकाळी डेकवरच बसवते, तेव्हा ते दोघांच्या सवयीवर आहे. आणखी एक. स्थळदर्शनात इरविकुलम राष्ट्रीय उद्यान असेल, तर ते खोडायला सांगा. नीलगिरी ताहरच्या विणीसाठी ते साधारण फेब्रुवारी आणि मार्चमध्ये पर्यटकांना बंद असते.

धागाकर्ती: आहे! दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलेच नाव तेच आहे. एजन्सीला आत्ताच ईमेल पाठवला.

धागाकर्ती (दोन दिवसांनंतर): उत्तर आले. इरविकुलमऐवजी टॉप स्टेशन दिले आहे, हॉटेलांची नावे पक्की लिहिली आहेत आणि मुन्नारचे हॉटेल गावातच आहे. पहिला हप्ता २५ टक्क्यांवर आणायला ते तयार नाहीत, ४० टक्के म्हणजे २१,८४० रुपये म्हणतात. पण परताव्याच्या दोन वाक्यांबद्दल त्यांनी एवढेच लिहिले आहे की 'अटी कंपनीच्या धोरणाप्रमाणे राहतील'. कोटेशनची मुदत आज रात्री संपते. अशा उत्तरावर पैसे भरावेत का?

जुना_प्रवासी: मी भरले नसते. मुदत त्यांनी घातली आहे, त्यामुळे ते ती वाढवू शकतात. 'तक्ताच लागू राहील' एवढे एक वाक्य आले, की भरा.

पायवाट: फेब्रुवारीत लग्नसराई असते, ताई, हॉटेल गेले तर? माझे मत, २१,८४० भरून मोकळ्या व्हा.