मदत हवी आहे: गुहागरच्या शिंपल्यांची ओळख आणि त्यावरचा पांढरा थर

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, इथे शिंपले ओळखणारं जवळपास कुणी सापडत नाही, म्हणून इथे विचारतोय. गुहागरच्या किनाऱ्यावरून मुलीने रिकामे शिंपले वेचून आणले. वरून, खालून आणि तोंडाच्या बाजूने असे फोटो टाकलेत, अंदाजासाठी शेजारी रुपयाचं नाणं ठेवलंय.

पहिले बटणासारखे चपटे, गुळगुळीत आहेत. खाली मधोमध जाड चकचकीत गोल ठिपका. हे अंबोनियम असावेत का? दुसरा गोगलगाईसारखा, पांढऱ्यावर तपकिरी डाग, आणि वेढ्यांच्या सांध्यात खोल खाच. त्या खाचेमुळे मला बॅबिलोनिया वाटतोय. जाणकारांनी खात्री करून द्या ना.

साध्या पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून, मऊ टूथब्रशने घासले. वाळू निघाली, वासही गेला. पण दुसऱ्यावर किड्यांच्या चुनखडी नळ्या घट्ट चिकटल्या आहेत. घरचे व्हिनेगर म्हणतात, पण नळ्या आणि शिंपला दोन्ही चुन्याचेच. आम्ल नळ्यांसोबत डागांची चमकही खाईल. लाकडी टूथपिकने निघत नाहीत. ओल्या असताना बारीक सुईने खरवडाव्यात, की तशाच ठेवाव्यात? कुणी करून पाहिलंय का?