अनुभव धागा: नवा राउटर, फोनवरून सेटिंग आणि यादीतले अनोळखी पाहुणे

मृण्मयी_चिंचवड
काल रात्री आईचा फोन. "अगं, आपल्या वायफायवर तेरा जण आहेत! घरात माणसं दोन!" नवा राउटर आलाय, भाचीने ॲप टाकून दिलं, यादी कुठे दिसते तेही दाखवलं आणि ती गेली क्लासला. आई यादी बघत बसली ती बसलीच.
मला आमचा पहिला राउटर आठवला. केबलवाल्याच्या माणसाने पासवर्ड म्हणून बाबांचा मोबाईल नंबर टाकला होता. बाबा तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी, नंबर जिन्यातल्या नोटीस बोर्डावर. वर्षभर अख्खी बिल्डिंग आमच्या नेटवर सिरियली बघत होती.
तुमचे किस्से लिहा. आणि आईच्या तेरा जणांचं काय करू तेही सांगा.

खमंग_थालीपीठ
नोटीस बोर्ड 😂😂 बाबांना मेंटेनन्समध्ये सूट मिळायला हवी होती

नाना_सातारकर
आमची गाडी यादीपर्यंत पोचलीच नव्हती. सूनबाईने सांगितलं, राउटरच्या वायफायला फोन जोडा आणि ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाका. टाकलं. पान उघडेना. राउटरच खराब म्हणून परत करायला निघालो होतो. खालच्या मोबाईल दुकानातल्या पोराने बघितलं आणि हसला. नव्या राउटरला अजून नेट मिळालेलंच नसतं, त्यामुळे फोन म्हणतो "इंटरनेट नाही" आणि गुपचूप मोबाईल डेटावर जातो. तो पत्ता घरातल्या राउटरचा, मोबाईल डेटावरून कसा उघडेल? पोराने डेटा बंद केला, पान लगेच आलं. कुणाला अडलं तर आधी हे बघा.

विदुला_न्यूजर्सी
नाना, अगदी! मी इथून व्हिडिओ कॉलवर बाबांचं सेटिंग करून दिलं. सगळ्यात जास्त वेळ राउटरखालचं स्टिकर वाचण्यात गेला. "आठ आहे की बी?" "चष्मा आणतो." राउटर भिंतीला ठोकायच्या आधी त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा मंडळी. नंतर ते स्टिकर फक्त पालीला वाचता येतं.

रॉकेट_राजू
एवढं काय त्यात. पासवर्ड बदलला की सगळे फुकटे आपोआप बाहेर. मी पहिल्याच दिवशी admin चा पासवर्ड बदलून टाकला, विषय संपला.

तारयंत्र
राजू, अर्धंच झालं. admin चा पासवर्ड राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. तो बदललास ते उत्तमच, पण त्याने वायफायवरचा एकही माणूस हलत नाही. फुकट्यांना काढायचं तर "वायरलेस"मध्ये जाऊन वायफायचा पासवर्ड बदलायचा. सेव्ह केलं की तुझा स्वतःचा फोनसुद्धा तुटतो, घाबरायचं नाही, नवा पासवर्ड टाकून परत जोडायचं.

मृण्मयी, आईंकडे दोन गोष्टी विचार. यादीत ऑनलाइन किती, ऑफलाइन किती? आणि भाचीने वायफायचं नाव बदललं का?

मृण्मयी_चिंचवड
विचारलं. ऑनलाइन नऊ, ऑफलाइन चार. नाव बदललं, हो. आधी स्टिकरवरचं होतं, आता आमच्या मांजराचं आहे.

तारयंत्र
मग चार सुटले. हल्लीचे फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, सांगत नाहीत. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून प्रत्येक वायफाय नावासाठी फोन एक वेगळा बनावट पत्ता घेतो. म्हणजे आईचा फोन स्टिकरवाल्या नावावर एक "जण" होता, मांजराच्या नावावर तोच दुसरा "जण" झाला. जुनी नोंद ऑफलाइनमध्ये पडून राहते.
ओळखायचं कसं? नोंदीवर टिचकी मारली की DA-31-07 असा काहीतरी मॅक पत्ता दिसेल. त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो बनावट पत्ता, म्हणजे बहुधा फोन, टॅब नाहीतर लॅपटॉप. उरलेल्या नऊसाठी साधा उपाय: एकेका वस्तूचं वायफाय बंद करायचं आणि यादीतलं कोण गळतं ते बघून तिथेच नाव द्यायचं, "आईचा फोन", "टीव्ही" असं. थोडा दम धरायचा, काही राउटर यादी उशिरा ताजी करतात.

गच्चीवरची_बाग
आमच्याकडे वरच्या मजल्यावर रेंजच येत नाही, त्याला काय करावं? राउटर शोकेसमध्ये आहे, काचेच्या दाराआड, म्हणजे धूळ बसत नाही.

खमंग_थालीपीठ
आधी शोकेसमधून काढा हो त्याला, गणपती नाहीये तो

शिल्पा_म्हापसा
माझे बल्ब नवीन राउटरला जोडलेच जाईनात, भयंकर वैताग आला होता. नवऱ्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं, सुरक्षा पण सगळ्यात नवी निवडलेली. बल्बाला फक्त २.४ चालतं हे बल्बाच्या खोक्यावर बारीक अक्षरात होतं. शेवटी २.४ वेगळं केलं, सुरक्षा WPA2 वर आणली, मग लागले. जुन्याच नावाने, जुन्याच पासवर्डने राउटर लावला असता तर कदाचित काहीच करावं लागलं नसतं, असं भाऊ म्हणतो.

रॉकेट_राजू
भाऊ बरोबर बोलतोय, मीपण तेच करतो. नवा राउटर, जुनं नाव, जुना पासवर्ड, घरातलं सगळं आपोआप जोडलं जातं.

नाना_सातारकर
आणि शेजारचेही आपोआप जोडले जातात. 😄

मृण्मयी_चिंचवड
नाना, पकडलंत राजूला!
आईबरोबर तासभर फोनवर बसले. दोन फोन, भाचीचा फोन, टीव्ही, सेटटॉप, लॅपटॉप ओळखले. ESP_ ने सुरू होणारे दोघे होते, आई म्हणाली "हे कोण परदेशी?" गिझरचा प्लग काढला, एक गेला. देव्हाऱ्यातला दिवा बंद केला, दुसरा गेला. उरला एकच. नाव नाही, दुसरं अक्षर C.

तारयंत्र
C म्हणजे खरा पत्ता, फोन असायची शक्यता कमी. पत्त्यातल्या पहिल्या तीन जोड्या नेटवर शोध, बनवणारी कंपनी कळेल. प्रिंटर, कॅमेरा, एसी, असलं काही घरात?

मृण्मयी_चिंचवड
शोधलं, कंपनीचं नाव आलं पण ती फक्त चिपा बनवते, वस्तू काय ते कळेना. आई म्हणते घरात असलं काही नाही. बाबा म्हणतात "ब्लॉक कर."

रॉकेट_राजू
कर ना ब्लॉक, एका टिचकीत होतं.

तारयंत्र
या नोंदीला चालेल, खरा पत्ता आहे. जे बंद पडेल ते स्वतःच ओरडेल. पण फुकट्या फोनवर तो उपाय फार टिकत नाही, फोनवाला सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बदलू शकतो. तिथे पासवर्डच बदलावा. आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. घरच्या वायफायचा क्यूआर दाखवून पाहुण्याला जोडून दिलं तरी पासवर्ड लपत नाही, अँड्रॉइडवर क्यूआर दाखवतो तिथे बऱ्याच फोनमध्ये खाली पासवर्डही लिहिलेला असतो.

अभय_ठाणे
एक भर. काही अडलं की लोक मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबतात. सासऱ्यांनी ऐन दिवाळीत दाबलं. वायफायचं नाव तर गेलंच, नेटवाल्याने भरलेला PPPoE चा, म्हणजे नेटच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्डही गेला. नेटवाला गावी. भाऊबीजेपर्यंत घरात शांतता. तो आयडी आधी कागदावर मागून घ्या.

विदुला_न्यूजर्सी
सासऱ्यांनी मुद्दाम दाबलं असणार 😄

गच्चीवरची_बाग
शोकेसमधून काढला. रेंज आली. मराठी नाव पण देता येतं का वायफायला? "जोशींचा वाडा" टाकलं तर घेतच नाही.

तारयंत्र
देता येतं, पण नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. तुमचं ३४ होतंय. मधली मोकळी जागा काढलीत तरी ३३, म्हणजे अनुस्वारही काढा. पासवर्ड मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा, किमान आठ.

गच्चीवरची_बाग
अनुस्वार काढला तर आमचे हे मारतील, मराठीचे मास्तर होते

मृण्मयी_चिंचवड
ब्लॉक केलं. अजून तरी काही ओरडलेलं नाही. आई फ्रिज उघडून बघतेय.